लेबर रूममधून न गेलेला फोन

कोकण किनाऱ्यावरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातलं हे प्रकरण आहे. जिल्हा मुद्दाम सांगत नाही. आमच्याकडे अशी कॉलेजं मोजकीच, जिल्हा सांगितला की विभाग कळतो आणि विभाग कळला की माणूस. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि जिच्यावर हे गुदरलं तिने लिहायला परवानगी दिली आहे. ती स्त्रीरोग विभागात एमएसच्या पहिल्या वर्षाला होती, म्हणून तिला इथे नुसतं जेआर-वन, म्हणजे ज्युनिअर रेसिडेंट वन, म्हणते. मी त्याच कॉलेजात पीएसएम म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या विभागात शिकवत होते.

जुलैतली रात्र होती. पाऊस असा की घाट चढून कोल्हापूरला पेशंट पाठवायचा विचारही करता येऊ नये. ग्रामीण रुग्णालयातून १०८ ने आलेली एक बाई दोनच्या सुमाराला बाळंत झाली. वार पडली, पण रक्त थांबेना. जेआर-वनने पोटावरून गर्भाशय चोळायला घेतलं, ऑक्सिटोसिन चालू केलं, रक्त थांबवायला ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडचं एक ग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं. इथपर्यंत तिचं काहीही चुकलेलं नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटांनी नाडी ११० होती. पंचवीस मिनिटांनी नाडी १२४ आणि वरचं बीपी ८८. नाडीचा आकडा बीपीच्या वर गेला की बाई शॉककडे चालली आहे, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पाठ असतं. तिलाही होतं. जेआर-टू ओटीत सिझेरियनला उभी होती. सीनिअर, म्हणजे जेआर-थ्री, खालच्या मजल्यावर ड्युटी रूममध्ये झोपला होता. फोन टेबलावर होता आणि तिने तो उचलला नाही.

दोन चाळीसला लेबर रूमच्या सिस्टरनी तिला न विचारता ऑन-कॉल मॅडमना थेट घरी फोन लावला. मॅडम पंधरा मिनिटांत आल्या, कंडोम टॅम्पोनाड केलं, म्हणजे गर्भाशयात कंडोम फुगवून आतून दाब दिला, दोन पिशव्या रक्त चढवलं. बाई वाचली. चार दिवसांनी बाळाला घेऊन घरी गेली.

सकाळच्या राउंडला युनिटचे लेक्चरर आणि जेआर-थ्री दोघंही होते. केस पेपर वाचून झाल्यावर जेआर-थ्रीने तो तिच्या अंगावर फेकला. कागद सुटे झाले, तीन पानं खाटेखाली गेली. ती वाकून गोळा करत असताना लेक्चरर म्हणाले, ''सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, काल तू काय केलंस.'' तिने सांगितलं. ''मोठ्याने.'' तिने पुन्हा सांगितलं. मग तिला वॉर्डाच्या दाराशी राउंड संपेपर्यंत, म्हणजे सव्वा तास, उभं केलं. त्यानंतर आदल्या आठवड्यातल्या तिच्या प्रत्येक पेशंटचा केस पेपर पुन्हा उतरवून काढायला लावला. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या सासूने सिस्टरला विचारलं, ''त्या पोरीक कित्याक इतक्या बोलतत?'' आणि दुपारी तिच्या हातात केळं ठेवून म्हणाली, ''जेवलंस गो?''

विभागात त्या रात्रीचा अर्थ सरळ लावला गेला: जेआर-वनने सीनिअरला कळवायला उशीर केला, म्हणून बोलणी खाल्ली. उशीर झाला हे खरंच. पण तिने फोन का केला नाही, हा प्रश्न कुणी विचारला नाही. जून महिन्यात तिने त्याच सीनिअरला रात्री चारदा उठवलं होतं. पहिल्यांदा शिव्या मिळाल्या. दुसऱ्यांदा 'एवढंही जमत नसेल तर सीट सोड' असं युनिटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलं. चौथ्यांदा शिक्षा म्हणून चोवीस तासांच्या इमर्जन्सीनंतर पुढचा पूर्ण दिवसही तिच्याच नावावर लावला, सलग छत्तीस तास. जुलैतल्या त्या रात्री पेशंटची नाडी वाढत होती तेव्हा ती मनात दोन भीतींचं वजन करत होती. अपमान करून माणूस कडक आणि तयार होतो असं मानणाऱ्यांनी ती पंचवीस मिनिटं नीट पाहावीत. तिला वैद्यक येत होतं, पण फोन उचलायचा नाही हेसुद्धा ती जूनमध्ये शिकली होती.

आठवड्याने तिने धीर करून विभागप्रमुखांना केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगितलं. सर चांगले गृहस्थ. ''मी बोलतो त्यांच्याशी,'' म्हणाले, आणि खरोखर बोलले. त्याच संध्याकाळी ते दोघांपर्यंत पोचलं. त्यानंतर तिला कुणी ओरडलं नाही. शिव्या बंद झाल्या आणि ओटीच्या यादीतून तिचं नावही गेलं. सिझेरियनला असिस्ट करायला दुसरीला घेतलं जाऊ लागलं. हिच्या वाट्याला सॅम्पल लॅबमध्ये टाकणं, रिपोर्ट आणणं, रक्तपेढीत रांगेत उभं राहणं. लॉगबुक सहीला ठेवलं की 'नंतर बघू'. असा बदला बाहेरच्याला दिसत नाही. तक्रारीत लिहायचं तरी काय, 'मला सॅम्पल घेऊन पाठवतात' असं?

माझ्याकडे ती आली ते थिसिसच्या सिनॉप्सिससाठी, म्हणजे आराखड्यासाठी, किती पेशंट घ्यायचे तो सॅम्पल साइज काढायला. पीजीची मुलं त्यासाठी पीएसएममध्ये येतातच. मी तिला अपेक्षित प्रमाण विचारलं, ती आकडा सांगता सांगता थांबली आणि रडायला लागली. त्या दिवशी सॅम्पल साइज निघाला नाही.

सगळं ऐकल्यावर मी तिला पहिला प्रश्न विचारला तो तक्रारीचा नव्हता. तुझ्या शिक्षणातलं नेमकं काय काय त्यांच्या हातात आहे, हे विचारलं. तिचं उत्तर होतं, ''सगळं.'' भीती असली की असंच वाटतं. आम्ही कागद घेऊन बसलो तेव्हा ते सगळं नव्हतं. शेवटच्या परीक्षेचे लेखी पेपर विद्यापीठाकडे जातात. प्रॅक्टिकलला बाहेरच्या कॉलेजांतलेही परीक्षक असतात. हजेरी ८० टक्के लागते आणि तिची भरपूर होती. या तीन गोष्टी युनिटमधला कुणी सहज बिघडवू शकत नव्हता. त्यांच्या हातात उरत होत्या तीन: लॉगबुकवरची सही, ओटीत हात लागणं, आणि थिसिसचा गाइड, कारण गाइड त्याच लेक्चररांच्या युनिटचे होते. तक्रार करायची तर आधी या तीन जागा बंद करायच्या, हे त्या कागदावरून ठरलं.

पुढचे दहा दिवस तिने कुणाला काही सांगितलं नाही. लॉगबुकात तोवरची प्रत्येक प्रसूती, प्रत्येक असिस्ट केलेलं सिझेरियन तारखेसह भरलं. पेशंट भरती होताना मिळतो तो आयपीडी नंबर लिहिला, पेशंटची नावं नाहीत. ज्या मॅडमच्या ऑन-कॉलला काम केलं होतं त्यांची सही त्या-त्या नोंदीवर घेतली. ऑन-कॉल मॅडम वेगळ्या युनिटच्या होत्या आणि त्यांनी विनाप्रश्न सही केली. जुलैतल्या त्या रात्रीच्या नोंदीवरही केली. ड्युटी रोस्टर दर महिन्याला नोटीस बोर्डावर लागतं आणि महिना संपला की फाडून टाकतात, त्याचे तीन महिन्यांचे फोटो तिने गोळा केले. एक तिच्या स्वतःच्या फोनमध्ये होता, दोन बॅचमेटकडून मिळाले.

आणि एक वही केली. दोनशे पानी, साधी. प्रत्येक प्रसंगाला तारीख, वेळ, जागा, उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आणि तिथे कोण होतं. 'मला खूप वाईट वाटलं' असं एकही वाक्य नको, असं मी तिला सांगितलं होतं. तेव्हा तिला ते कठोर वाटलं. पण समितीसमोर भावना नाकारता येते, 'सकाळी नऊ वाजून वीस मिनिटं, पोस्टनेटल वॉर्ड, खाट सात, उपस्थित पाच जण' हे नाकारणं अवघड असतं. जुन्या प्रसंगांपुढे तिने 'आठवणीतून, अमुक तारखेला लिहिलं' अशी प्रामाणिक नोंद केली. मागच्या तारखा टाकून एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेली वही लगेच ओळखू येते आणि मग तिच्यातलं खरंही खोटं ठरतं.

तिच्या एका मित्राने फोनवर गुपचूप रेकॉर्डिंग कर असं सुचवलं होतं. मी नको म्हटलं. वॉर्डात रेकॉर्डिंग केलं की त्यात पेशंट येतात, त्यांचे आजार येतात, आणि चौकशी सुरू व्हायच्या आत हिच्यावरच गोपनीयता मोडल्याची नोटीस निघू शकते. केस पेपरचे फोटोही त्याच कारणासाठी नकोत. कागद रुग्णालयाकडेच असतात, समितीला ते मागवता येतात, आपण फक्त आयपीडी नंबर द्यायचा. व्हॉट्सॲपवरचे मेसेज मात्र तिला स्वतःलाच आलेले होते. ते तिने तारीख-वेळ दिसेल असे जपून ठेवले.

आता कायदा. महाराष्ट्रात १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा आहे, आणि वैद्यकीय कॉलेजांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२१ चे वेगळे नियम आहेत. १९९९ च्या कायद्यात रॅगिंगची व्याख्या बरीच रुंद आहे. विद्यार्थ्याला मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा खजील वाटेल असं वर्तन तिच्यात येतं, आणि एरवी जे तो स्वखुशीने करणार नाही ते करायला लावणंही येतं. सव्वा तास दाराशी उभं करणं आणि केस पेपर पुन्हा उतरवायला लावणं त्यात बसतं. 'हा ट्रेनिंगचा भाग आहे' हे उत्तर नेहमी येतं. त्याला मी एकच कसोटी लावते: यातून पेशंटला किंवा शिकणाऱ्याच्या हाताला काय मिळालं? चुकलेल्या केसची चर्चा बंद खोलीत, सगळ्या डॉक्टरांसमोर, कितीही कठोर शब्दांत झाली तरी ते शिकवणं असू शकतं. पेशंटच्या नातेवाइकांसमोर कबुली द्यायला लावण्यात शिकवण्यासारखं काही नाही.

या कायद्याचं सगळ्यात कामाचं कलम मुदतीचं आहे. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार पोलिस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसं तक्रारदाराला लेखी कळवायचं. संस्थाप्रमुख हातावर हात ठेवून बसला तर तो स्वतः चिथावणीचा दोषी धरला जाऊ शकतो. हे सगळं लेखी तक्रारीला आहे. तोंडी तक्रारीला मुदत नाही, जबाबदारी नाही, काही नाही. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी गेल्या, तेव्हा त्यांच्या घरच्यांनी आपण आधी तोंडी सांगितलं होतं असं म्हटलं होतं. ते वाचल्यापासून कुणी 'सरांशी बोलून बघते' म्हणालं की माझ्या पोटात खड्डा पडतो.

पण याच कलमाने ती अडली. तिला त्या सीनिअरवर पोलिस केस नको होती. त्याची फायनल परीक्षा वर्षावर आली होती, घरचा शेतकरी, तोही पहिल्या वर्षाला असंच सोसून आलेला. ''रॅगिंग हा शब्द न लिहिता देऊ का?'' असं तिने विचारलं. मी तिला खरं ते सांगितलं. शब्द टाळून कायदा टळत नाही, लिहिलेल्या घटना तशा असतील तर डीनना तेच करावं लागेल. शिक्षा काय व्हावी हे तुझ्या हातात नाही, तुझ्या हातात फक्त काय घडलं ते लिहिणं आहे. ती दोन दिवस गप्प होती. मग तिने स्वतः ठरवलं की घटना लिहायच्या, विशेषणं नाहीत, मागणी शिक्षेची नाही.

लेक्चररांचा प्रश्न निराळा होता. निलंबनाची ती तातडीची तरतूद विद्यार्थ्यासाठी आहे. शिक्षकावर कारवाई होते ती प्रशासकीय चौकशीतून, सेवानियमांप्रमाणे, आणि तिला वेळ लागतो. म्हणून एकाच अर्जात दोघांची नावं असली तरी प्रसंग वेगळे मांडले. कुणी काय केलं याची सरमिसळ झाली की सीनिअर लेक्चररांकडे बोट दाखवतो आणि लेक्चरर सीनिअरकडे. (बोलण्यात जात आली असती किंवा लैंगिक शेरे असते तर वाट आणखी वेगळी झाली असती, ॲट्रॉसिटी कायद्याची किंवा अंतर्गत समितीची. इथे तसं नव्हतं.)

अर्ज दीड पानाचा झाला. सात प्रसंग, तारखेप्रमाणे. शेवटचा परिच्छेद मी इथे देते, कारण माझ्या मते अर्जाचं वजन त्यात होतं:

''चौकशी पूर्ण होईपर्यंत माझ्या प्रशिक्षणात खंड पडू नये म्हणून विनंती करते की, (१) मला दुसऱ्या युनिटमध्ये काम द्यावे व तेथील ओटी आणि लेबर रूमच्या पाळ्या इतर प्रथम वर्ष निवासी डॉक्टरांइतक्याच मिळाव्यात. (२) आजपर्यंतच्या माझ्या लॉगबुकमधील नोंदी विभागप्रमुखांनी आज रोजी तपासून सही कराव्यात. (३) माझा मार्गदर्शक बदलण्याची प्रक्रिया सुरू करावी. सोबत लॉगबुकची प्रत जोडली आहे.''

'मला संरक्षण मिळावे' असं मोघम लिहिलं असतं तर उत्तर आलं असतं, 'सर्व विद्यार्थी सुरक्षित आहेत'. तीन नेमक्या मागण्या असल्या की प्रत्येकीला हो किंवा नाही म्हणावं लागतं, आणि नाही म्हटलं तर कारण लिहावं लागतं. लॉगबुकची प्रत त्याच दिवशी आवकमध्ये गेली, म्हणजे पुढे कुणी 'हिने केसेसच केल्या नाहीत' म्हणालं तर त्या तारखेचा पुरावा कार्यालयातच होता. अर्ज तिने डीनच्या हातात दिला नाही. आवक-जावकच्या खिडकीवर दिला, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला, आणि त्याच दुपारी डीन कार्यालयाला ईमेलही केला. खिडकीवरचे मामा म्हणाले, ''मॅडम, साहेबांना आधी भेटून घेतलं असतं तर बरं.'' ती म्हणाली, ''आधी शिक्का द्या.''

१८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव गुप्त ठेवून तक्रार करावी असाही विचार झाला होता. जिथे एका वर्षाला शंभर मुलं असतात तिथे ते चालतं. आमच्या स्त्रीरोग विभागात तेव्हा तिन्ही वर्षांचे मिळून सहा निवासी होते. पहिलं वाक्य वाचताच कोण ते कळलं असतं, आणि निनावी असल्यामुळे युनिट बदल मागता आला नसता. हेल्पलाइन तिने राखून ठेवली होती, सात दिवसांत काही हललं नाही तर. तशी वेळ आली नाही.

ती आधी माझ्याकडे आली होती म्हणून मी चौकशीपासून लांब राहिले. पुढचं मला तिला मिळालेल्या अहवालावरून आणि तिच्याकडून कळलं. तिसऱ्या दिवशी युनिट बदललं, लॉगबुकवर विभागप्रमुखांची सही झाली. समितीने सगळ्यांना वेगवेगळं बोलावलं. निवासी डॉक्टरांपैकी दोघांनी 'आम्ही पाहिलं नाही' सांगितलं, एकीने पाहिलं असं सांगितलं. सीनिअरचं म्हणणं होतं की तिने कधी त्याला रात्री उठवलंच नाही, ती निष्काळजी आहे. मग लेबर रूमचं सिस्टरांचं रिपोर्ट बुक मागवलं. त्यात जूनच्या चार रात्री 'डॉ. यांनी सीनिअर डॉक्टरांना कळविले' अशा एकेक ओळीच्या नोंदी होत्या, वेळेसह. जुलैच्या रात्री होतं: '२.४० वा. डॉ. मॅडम यांना दूरध्वनीने कळविले. २.५५ वा. मॅडम आल्या.' सिस्टरनी कुणाबद्दल चांगलं-वाईट काही लिहिलं नव्हतं. पाळीवर जे झालं तेवढंच लिहिलं होतं, आणि त्या पाच ओळींनी चौकशी फिरली.

सीनिअर निलंबित झाला, तक्रार पोलिसांकडे गेली, तिने जबाब दिला. लेक्चररांना लेखी समज मिळाली आणि ते राउंड घेत राहिले, दुसऱ्या युनिटच्या वॉर्डात न जाता. मला हे कमी वाटलं, आजही वाटतं. एक निवासी कमी झाल्याने उरलेल्या पाच जणांच्या ड्युट्या वाढल्या आणि त्याचा राग तिच्यावर निघाला. मेसमध्ये तिच्या टेबलावर महिनाभर कुणी बसत नव्हतं. गाइड बदलला, त्याला विद्यापीठाची परवानगी आणि एथिक्स कमिटीची दुरुस्ती लागली, त्यात चार महिने गेले. तेवढं नुकसान झालं आणि ते टाळायचा मार्ग मला अजून सापडलेला नाही. सिनॉप्सिस मंजूर व्हायच्या आधीच गाइड बदलला असता तर ते वाचलं असतं, एवढंच. ओटीत मात्र तिची बरोबरी राहिली. वर्षाअखेर लॉगबुकात सिझेरियन इतर जेआर-वनपेक्षा दोनच कमी होती.

लेबर रूममध्ये आता भिंतीवर एक कागद लावलेला आहे. रक्तस्राव अर्धा लिटरवर गेला किंवा नाडी बीपीच्या वर गेली, की जेआरने सीनिअर आणि ऑन-कॉल दोघांनाही फोन करायचा, आणि फोनची वेळ सिस्टरनी लिहायची. तो मजकूर ऑन-कॉल मॅडमनी केला. फोन करायचा की नाही हे आता जेआरच्या धैर्यावर सोडलेलं नाही.

सिस्टर कंत्राटी होत्या, नऊ वर्षं लेबर रूमला. आपलं नाव कुठे येऊ नये असं त्यांनी समितीला सांगितलं होतं. अहवालात ते आलं. पुढचं अकरा महिन्यांचं कंत्राट त्यांना मिळालं, पण बदली मेल सर्जिकल वॉर्डला झाली. जेआर-वनसाठी आम्ही तीन मागण्यांचा परिच्छेद चार वेळा खोडून लिहिला होता. सिस्टरसाठी तसा परिच्छेद कुणी लिहिला नाही, मीही नाही. त्यांचा अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. 'नऊ वर्षांचा प्रसूतीकक्षाचा अनुभव लक्षात घेऊन मूळ ठिकाणी नेमणूक मिळावी.' उद्या तो आवकच्या खिडकीवर जाईल.